ऐंशी दिवसांचं गणित: नव्या नोकरीत प्रसूती रजा मोजायची कशी

मी लहान आस्थापनांचे हजेरीचे मस्टर, पगारपत्रकं आणि कामगार कायद्यांची कागदपत्रं सांभाळतो. गरोदर कामगार बाईचा अर्ज आला की ऑफिसातून फोन येतो आणि पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "पण तिला लागून अजून वर्षसुद्धा झालं नाही." कुणी वर्ष म्हणतं, कुणी प्रोबेशन, कुणी दोनशे चाळीस दिवस. कायद्यातला आकडा मात्र एकच आहे, ऐंशी. वाद होतो तो हे ऐंशी दिवस कुठून कुठपर्यंत आणि काय धरून मोजायचे यावर. नव्याने नोकरीला लागलेल्या बाईला आणि नव्याने आस्थापना विभागात बसलेल्या माणसाला ही मोजणी जमली तर बाकीचं काम फार अवघड नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू.

उदाहरण

उदाहरणातल्या बाईचं नाव सरिता ठेवू. ती पुण्याजवळ वाघोलीच्या एका गोदामात माल तपासून पॅक करण्याचं काम करते. तिथे एकूण ३४ माणसं आहेत. रोज ९५० रुपये, आठवड्याला सहा दिवस काम, रविवारी सुट्टी. या ९५० मध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढंच आहे, वेगळे भत्ते नाहीत. ती ५ जानेवारी २०२६ ला, सोमवारी, कामावर रुजू झाली. त्याआधी दोन वर्षं ती दुसऱ्या कंपनीत होती. डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख दिली आहे १५ मे २०२६. हे तिचं पहिलं मूल. फेब्रुवारीत तब्येत बिघडल्यामुळे ११, १२ आणि १३ तारखेला तिने बिनपगारी सुट्टी घेतली.

गोदामाच्या सुपरवायझरचं म्हणणं असं: तू प्रोबेशनवर आहेस, चार महिनेही झाले नाहीत, हवं तर राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत घेऊ.

पैसे कोण देणार

दिवस मोजायच्या आधी एक प्रश्न विचारावाच लागतो: या बाईला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू आहे का? दहा किंवा जास्त माणसांच्या ज्या आस्थापनांना ईएसआय लागू आहे, तिथे महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराचा विमा असतो. अशा बाईला प्रसूतीचे पैसे मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. पात्रतेची मोजणीही वेगळी होते. लगतच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून किमान सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे असतात. ईएसआयच्या बाईला ऐंशी दिवसांचं गणित घालणारे क्लार्क मी पाहिले आहेत, तेव्हा ही चूक आधीच टाळा. पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयची कपात दिसते का, एवढं पाहिलं की कळतं.

सरिताचे रोज ९५० धरले तर २६ दिवसांचे २४,७०० होतात, म्हणजे ती मर्यादेच्या वर आहे. तिला पैसे मालकाने द्यायचे. प्रसूती लाभाच्या तरतुदी कारखान्यांना लागू आहेत, तशाच दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानं-आस्थापनांनाही. गोदामात ३४ माणसं आहेत, त्यामुळे "आमचं छोटं काम आहे" ही सबब चालत नाही.

कायद्याच्या नावाचाही गोंधळ आहे. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा सगळ्यांच्या तोंडी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आणि प्रसूती लाभ तिच्या सहाव्या प्रकरणात, कलम ५९ पासून ७२ पर्यंत, आहे. या लेखातल्या मोजणीचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. जुन्या निकालांमध्ये १९६१ चीच कलमं दिसतात, त्यामुळे दोन्ही क्रमांक माहीत असलेले बरे. ऐंशी दिवसांची अट जुन्या कायद्यात कलम ५ मध्ये होती, आता कलम ६० मध्ये आहे.

ऐंशी कुठून कुठपर्यंत

अट साधी आहे. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेच्या लगत आधीच्या बारा महिन्यांत, ज्या मालकाकडे ती लाभ मागते त्याच्या आस्थापनेत, तिने किमान ऐंशी दिवस प्रत्यक्ष काम केलेलं असावं. पूर्वी हा आकडा १६० होता, १९८८ च्या दुरुस्तीने तो ८० झाला. अजूनही १६० सांगणारा एखादा जुना हिशेबनीस भेटतो. २४० हा आकडा तर वार्षिक पगारी रजा आणि कामगार कपातीच्या भरपाईच्या नियमांतला आहे, तो इथे चुकून चिकटतो.

अटीतले चार मुद्दे नीट वाचायला हवेत.

"अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत" म्हणजे सरितासाठी १५ मे २०२५ ते १४ मे २०२६. ही बारा महिन्यांची खिडकी अपेक्षित तारखेवरून ठरते. रजेच्या अर्जाच्या तारखेवरून ठरत नाही, रुजू झाल्याच्या वर्षावरूनही नाही. सरिता नवी असल्यामुळे तिचे सगळे दिवस या खिडकीत येतात. उलट सहा वर्षं जुनी बाईसुद्धा इथे अडकू शकते, कारण गेल्या बारा महिन्यांतले दहा महिने ती बिनपगारी आजारी रजेवर असेल तर तिचे ऐंशी दिवस भरणार नाहीत.

"त्याच मालकाच्या आस्थापनेत" हे सरिताला बोचणारं आहे. आधीच्या कंपनीतली दोन वर्षं इथे शून्य धरली जातात. ते दिवस जोडता येत नाहीत.

"ऐंशी दिवस काम" असं म्हटलं आहे, ऐंशी दिवसांची सलग सेवा असं म्हटलेलं नाही. मध्ये दोन दिवसांचा कृत्रिम ब्रेक देऊन पुन्हा घ्यायची जी पद्धत काही ठिकाणी चालते, ती इथे निष्फळ ठरते. त्या ब्रेकचे दोन दिवस मोजले जात नाहीत एवढंच, आधीचे दिवस पुसले जात नाहीत.

प्रोबेशन, कायम, रोजंदारी हे शब्द अटीत कुठेच नाहीत. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरच्या महिला कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलं. मस्टर रोलवर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांनाही हा लाभ लागू ठरला. सुपरवायझरचं प्रोबेशनचं वाक्य इथेच निकालात निघतं.

मस्टर समोर ठेवून मोजणी

आता मोजू. कागदावर महिनावार लिहा, डोक्यात करू नका. रविवार सोडून कामाचे दिवस धरू.

जानेवारीत ५ ते ३१ असे २७ दिवस, त्यात ११, १८ आणि २५ हे तीन रविवार. उरले २४. फेब्रुवारीचे २८ दिवस, चार रविवार, पुन्हा २४. त्यातून तीन बिनपगारी दिवस वजा, २१. मार्चचे ३१ दिवस, पाच रविवार, २६. एप्रिलमध्ये १ ते ११ तारखेपर्यंत अकरा दिवस, एक रविवार, १०.

२४, २१, २६ आणि १० मिळून ८१. म्हणजे ११ एप्रिलला, शनिवारी, सरिता काम करून घरी गेली तर तिचे ८१ दिवस झाले. १० तारखेलाच ऐंशी भरले होते.

आता गोदामातला क्लार्क आपला आकडा सांगतो: ७९. त्याच्या मस्टरमध्ये हजेरीच्या खुणा तेवढ्याच आहेत. त्याचं मस्टर खोटं नाही. त्याने २६ जानेवारी आणि १९ मार्चचा गुढीपाडवा असे दोन दिवस सोडले, कारण त्या दिवशी गोदाम बंद होतं. नेमकं इथे कायद्याचं स्पष्टीकरण वाचावं लागतं. कायद्याने वेतनासह सुट्टी म्हणून ठरलेले दिवस आणि ले-ऑफचे, म्हणजे काम नसल्याने मालकाने घरी बसवलेले, दिवस प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांतच धरायचे असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, बाकीच्या चार मालक-कामगारांनी ठरवायच्या. या गोदामाच्या ठरलेल्या यादीत पाडवा आहे. म्हणून ७९ अधिक २ म्हणजे ८१.

म्हणून क्लार्कशी हजेरीवरून भांडत बसू नका. सुट्ट्यांची यादी मागा, जी सूचना फलकावर असायला हवी, आणि ती मस्टरशेजारी ठेवा.

रविवारांचं काय? ते धरले तर आकडा बराच वाढतो. औद्योगिक विवाद कायद्यातल्या २४० दिवसांसाठी पगारी रविवार आणि सुट्ट्या मोजाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात म्हटलं. तो कायदा वेगळा आहे, तरी महिन्याच्या पगारावर असलेल्या बाईला तो युक्तिवाद करता येतो. रोजंदारीवरच्या बाईला रविवारचे पैसेच मिळत नसतील तर तो टिकणं कठीण. म्हणून मी पहिली मोजणी नेहमी रविवार सोडून करतो. तशानेही ऐंशी भरले तर वाद घालायला जागाच राहत नाही.

रजा कधी सुरू करायची

प्रसूती रजा एकूण २६ आठवडे आहे आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. (१ एप्रिल २०१७ पूर्वी एकूण १२ होते. आधीची दोन मुलं हयात असतील तर आजही १२ च, त्यातले आधी जास्तीत जास्त सहा.) आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. सरिताच्या बाबतीत रजा लवकरात लवकर २० मार्चला सुरू झाली असती.

तिला तेच हवं होतं. घरच्यांचंही तेच म्हणणं होतं. पण २० मार्चला रजा घेतली असती तर १९ मार्चपर्यंत तिचे दिवस किती झाले असते? जानेवारीचे २४, फेब्रुवारीचे २१, मार्चचे १६. एकूण ६१. त्यानंतर ती कामावर आलीच नसती, म्हणजे १५ मेच्या आधीच्या खिडकीत हा आकडा ६१ वरच थांबला असता आणि २६ आठवड्यांचे पैसे हुकले असते.

आठ आठवडे ही कमाल मर्यादा आहे. आधी कमी घेतले तर उरलेले नंतर जोडले जातात, एकूण २६ कमी होत नाहीत. सरिताने १३ एप्रिलपासून, सोमवारपासून, रजा घेतली तर साधारण साडेतीन आठवडे उशीर होतो, पण तेच आठवडे बाळ जन्मल्यानंतर तिच्या हातात येतात. १३ एप्रिलपासून १८२ दिवस मोजले की ११ ऑक्टोबर येतो. १२ ऑक्टोबरला, सोमवारी, तिने कामावर यायचं.

यात एक धोका आहे, तो लपवून चालणार नाही. बाळ मार्चअखेरीसच आलं असतं तर ऐंशी भरलेच नसते. म्हणून नव्या नोकरीत दिवस गेले असतील तर रुजू झाल्यापासूनचे दिवस दर महिन्याला लिहून ठेवा आणि बिनपगारी सुट्टी घेण्याआधी तो कागद पाहा. सरिताने फेब्रुवारीत घेतलेल्या तीन दिवसांमुळे तिचा ऐंशीवा दिवस ७ एप्रिलवरून १० एप्रिलवर गेला.

तोपर्यंत उभं राहून काम कसं करायचं

आठव्या महिन्यात दिवसभर उभं राहून खोकी उचलायची हे कुणालाच जमणार नाही. कायद्याने इथे एक सोय ठेवली आहे आणि ती फार कमी बायकांना माहीत असते. अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीच्याही आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतले ज्या दिवशी ती रजेवर नाही ते दिवस, या काळात बाईने मागणी केली तर मालकाला तिच्याकडून कष्टाचं, फार वेळ उभं राहण्याचं किंवा गर्भाला बाधेल असं काम करून घेता येत नाही. आणि असं हलकं काम दिलं म्हणून तिच्या रोजच्या मजुरीत कपात करता येत नाही.

सरिताच्या तारखा लावू. १५ मेच्या सहा आठवडे आधी ३ एप्रिल. त्याआधी एक महिना, ३ मार्च. म्हणजे ३ मार्चपासून ती लेखी सांगू शकते की मला बसून लेबल लावण्याचं किंवा पावत्या जुळवण्याचं काम द्या. ३ मार्च ते ११ एप्रिल हे जवळपास सहा आठवडे तिने हलक्या कामावर, पूर्ण ९५० रुपये रोजाने काढले की ऐंशी भरतात. शब्द लक्षात ठेवा: मागणी केली तर. तोंडी सांगून उपयोग होत नाही असं माझं मत आहे. एका ओळीची चिठ्ठी द्या आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या.

नोटीस

रजेसाठी बाईने लेखी नोटीस द्यायची असते. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणार, लाभाची रक्कम कोणाला द्यायची, आणि या काळात दुसरीकडे कुठेही काम करणार नाही. शेवटची ओळ औपचारिक नाही. रजेच्या काळात दुसरीकडे काम केलं तर त्या काळाचा लाभ जातो. घरबसल्या दुसऱ्या कंपनीचं पॅकिंग घेणाऱ्या एका बाईच्या बाबतीत मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे.

नमुना असा:

> प्रति, व्यवस्थापक.
> विषय: प्रसूती लाभासाठी नोटीस.
> मी ५ जानेवारी २०२६ पासून आपल्या आस्थापनेत काम करते. डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ मे २०२६ आहे. मी १३ एप्रिल २०२६ पासून प्रसूती रजेवर जात आहे. लाभाची रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. माझ्या पश्चात ती माझ्या पतीला द्यावी. रजेच्या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

नोटीस प्रसूतीच्या आधी द्यायची राहिली तर प्रसूतीनंतर लवकरात लवकर देता येते, आणि नोटीस दिली नाही एवढ्याच कारणावरून लाभ बुडत नाही. तरीही आधीच द्या, कारण आगाऊ रक्कम त्यावर अवलंबून आहे.

रक्कम

सरासरी दैनिक वेतन काढायचं ते रजा सुरू होण्याच्या लगत आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांवरून, त्यात तिने काम केलेल्या दिवसांसाठी तिला देय झालेल्या वेतनाची सरासरी. सरिताचा दर सगळे महिने ९५० च आहे, त्यामुळे सरासरीही ९५०. ज्यांना घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता असे वेगळे भत्ते मिळतात त्यांनी इथे थांबायला हवं. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, घरभाड्यासारखे भत्ते वेतनातून वगळले जातात, पण वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात धरली जाते. पगारपत्रक पाहिल्याशिवाय तो हिशेब करू नये.

आता क्लार्कची दुसरी चूक. तो म्हणाला, २६ आठवडे गुणिले सहा कामाचे दिवस म्हणजे १५६ दिवस, गुणिले ९५०, एकूण १,४८,२०० रुपये. रोजंदारीवरच्या बाईला रविवारचे पैसे मिळत नाहीत, मग रजेत कशाला, असा त्याचा तर्क.

हा प्रश्न १९७७ मध्येच सुटला आहे. कोईमतूरच्या कामगार न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या बी. शहा यांच्या खटल्यात मुद्दा हाच होता. आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा १८२ दिवस गुणिले ९५०, एकूण १,७२,९०० रुपये. फरक २४,७०० रुपयांचा. सरिताच्या पूर्ण महिन्याची मजुरी तेवढीच आहे.

ही रक्कम दोन हप्त्यांत द्यायची असते. अपेक्षित तारखेच्या आधीच्या रजेचे पैसे गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ. १३ एप्रिल ते १४ मे हे ३२ दिवस, ३०,४०० रुपये. बाकीचे १५० दिवसांचे १,४२,५०० रुपये प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांच्या आत. महिन्याच्या शेवटी पगाराबरोबर देऊ, असं म्हणणाऱ्या मालकाला हे ४८ तास दाखवा. याशिवाय मालकाने प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची वैद्यकीय सेवा मोफत दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस.

राजीनाम्याचा प्रस्ताव

आता सुपरवायझरच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ, "राजीनामा दे, परत घेऊ". या रजेच्या काळात बाईला कामावरून काढणं, किंवा रजा चालू असताना मुदत संपेल अशी नोटीस देणं, किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्यात बदलणं बेकायदेशीर आहे. गरोदर असताना काढून टाकलं, तरी काढलं नसतं तर तिला जो लाभ मिळाला असता तो देण्याची जबाबदारी मालकावरून हटत नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही लेखी आदेशाने. त्या आदेशाविरुद्ध किंवा काढण्याविरुद्ध साठ दिवसांत अपील करता येतं.

पण हे संरक्षण "काढलं" तर आहे. स्वतः सही करून दिलेला राजीनामा ही वेगळी गोष्ट ठरते, आणि मग दबाव होता हे सिद्ध करण्याचं ओझं बाईवर येतं. कोरा कागद, आधी टाइप केलेला कागद, "फक्त फॉरमॅलिटी" म्हणून पुढे केलेला कागद, कशावरही सही करू नका. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपत असेल तरही घाबरून राजीनामा देऊ नका. कंत्राट संपलं तरी पात्र बाईचा लाभ पूर्ण काळापर्यंत द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सांगितलं आहे.

मालकाच्या बाजूला काय उरतं

मालकाच्या कामांतली काही अशी आहेत की ऐंशी दिवसांशी त्यांचा संबंधच नाही. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवता येत नाही, ती स्वतः यायला तयार असली तरी. कायद्याचा सारांश स्थानिक भाषेत फलकावर लावावा लागतो. नोंदी ठेवाव्या लागतात, आणि नोंद नीट नसेल तर वाद झाल्यावर निरीक्षकासमोर मालकाची बाजू लंगडी पडते. म्हणून मी लहान मालकांना सांगतो, सुट्ट्यांचे दिवस मस्टरमध्ये रिकामे सोडू नका, तिथे "पगारी सुट्टी" असं लिहा. सरिताच्या गोदामात ते लिहिलेलं असतं तर ७९ हा आकडाच निघाला नसता.

सरिता १२ ऑक्टोबरला परत आली की बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तिला नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळायला हवा, त्याबद्दल मजुरी कापता येत नाही. पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी आहे, ३४ माणसांच्या या गोदामावर नाही.

नाहीच दिलं तर

आधी लेखी मागणी, तीही पोच घेऊन. सोबत चार कागद जोडा: नोटीसची पोच, डॉक्टरांचा दाखला किंवा बाळाचा जन्मदाखला, पगाराच्या चिठ्ठ्या किंवा बँकेचं पासबुक, आणि तुमची महिनावार मोजणी. मस्टरची प्रत मिळत नसेल तर बँकेत जमा झालेली मजुरी भागिले ९५० केलं तरी दिवसांचा अंदाज निघतो. फेब्रुवारीत १९,९५० जमा झाले असतील तर ते २१ दिवस, वाद कशाला.

त्यानंतर तक्रार जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. तिथल्या निरीक्षकाला, ज्याला नव्या संहितेत निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता म्हटलं आहे, चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश काढता येतो. बाईला यासाठी वकील लागतोच असं नाही. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असू द्या. रुजू झाल्याची तारीख, अपेक्षित तारीख, ऐंशीवा दिवस, रजा सुरू झाल्याची तारीख, पुरावा दिल्याची तारीख आणि त्यानंतर ४८ तास कधी संपले, या सहा तारखा पहिल्याच परिच्छेदात लिहिल्या की समोरचा अधिकारी मस्टर मागवतो आणि थेट १९ मार्चच्या रकान्यावर बोट ठेवतो.